जुन्या सोडवलेल्या प्रश्नांच्या साच्यात नवे गणित मांडताना या चुका टाळा

ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरची तयारी करताना जुने सोडवलेले प्रश्न समोर ठेवणे योग्यच आहे, कारण तक्ता कसा आखायचा आणि पायऱ्या कोणत्या क्रमाने लिहायच्या हे त्यांतूनच कळते. अडचण येते ती, मूळ प्रश्नातल्या एखाद्या वाक्यामुळे उत्तरात आलेली गोष्ट आपण नियम समजून पुढच्या गणितात उचलतो तेव्हा. वाहतूक समस्येतील डमी ओळीत भरलेली शून्ये हे याचे सर्वांत ठळक उदाहरण असून, आकडेमोड पूर्ण बरोबर असूनही उत्तर चुकण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

पुढील गणित पाहा. क आणि ख या दोन कारखान्यांतून प, फ, ब या तीन केंद्रांना माल पाठवायचा आहे. दर नगास वाहतूक खर्च असा:

| | प | फ | ब | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| क | ५ | ६ | ९ | ६० |
| ख | ७ | ३ | ८ | ५० |
| मागणी | ४० | ४५ | ४५ | |

पुरवठा ११० आणि मागणी १३०, म्हणजे २० नगांची तूट आहे. जुन्या उत्तराप्रमाणे २० पुरवठ्याची डमी ओळ घेऊन तिच्या तिन्ही घरांत शून्य भरले, तर इष्टतम वाटप क–प ४०, क–ब २०, ख–फ ४५, ख–ब ५ आणि डमी–ब २० असे येते व खर्च ५५५ होतो. ब केंद्राला माल पोचवणे सर्वांत महाग असल्यामुळे तूट त्याच्याच वाट्याला जाते. प्रश्नात तुटीविषयी एक शब्दही नसेल, तर हे उत्तर बरोबर आहे.

आता त्याच प्रश्नाच्या शेवटी ‘ब केंद्राची मागणी पूर्ण भागवलीच पाहिजे’ एवढे वाक्य जोडा. डमी–ब या घरात माल असणे म्हणजे ब ला तेवढा माल न मिळणे, म्हणून त्या घरात शून्य चालणार नाही. तिथे M, म्हणजे अतिशय मोठा खर्च, लिहावा लागेल. वाटप बदलून क–प २०, क–ब ४०, ख–फ ४५, ख–ब ५ आणि डमी–प २० असे होते आणि खर्च ६३५ वर जातो. आधीचे ५५५ हे उत्तर स्वस्त दिसत असले, तरी ते अटच मोडते.

तिसरा प्रकार दंडाचा. समजा ब ची सक्ती नाही, पण मागणी न भागल्यास दर नगामागे प ला ४, फ ला १ आणि ब ला ८ इतका दंड द्यावा लागतो. अशा वेळी डमी ओळीत ४, १, ८ हेच आकडे लिहायचे. इष्टतम वाटप क–प ४०, क–ब २०, ख–फ २५, ख–ब २५ आणि डमी–फ २० असे येते. त्यात वाहतुकीचे ६५५ आणि दंडाचे २० मिळून ६७५ होतात. शून्ये भरून काढलेले पहिले वाटप ठेवून त्यावर मागाहून दंड मोजला, तर ५५५ अधिक १६०, म्हणजे ७१५ होतात. दंड तक्त्यात न घेता शेवटी बेरजेत मिळवण्याची ही चूक मला शून्ये भरण्यापेक्षाही फसवी वाटते, कारण विद्यार्थ्याने दंडाचे वाक्य वाचलेले असते आणि वापरलेलेही असते, फक्त ते चुकीच्या जागी.

तेव्हा डमीच्या प्रत्येक घरात आकडा लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा नग प्रत्यक्षात न पोचल्याने काय खर्च येतो? पुरवठा जास्त असेल, तर डमी स्तंभ येतो आणि तोच प्रश्न शिल्लक मालाबद्दल विचारायचा. कारखान्यात माल साठवण्याचा खर्च दिलेला असेल, तर स्तंभात तो येईल, शून्य नव्हे.

डमी जोडल्यावर अवनती तपासताना आणखी एक घोटाळा होतो. वाटप झालेल्या घरांची संख्या m + n − 1 इतकी हवी, हे सर्वांना पाठ असते; पण प्रश्नपत्रिकेत दोन कारखाने दिसतात म्हणून m = 2 धरला जातो. डमी ओळ मोजली की m = 3, n = 3 आणि लागणारी घरे ५, चार नव्हेत. वरच्या तिन्ही वाटपांत ती बरोबर पाच आहेत. पाचाऐवजी चारच भरली असतील, तर मोडी पद्धतीत एखादे u किंवा v निघतच नाही. असे झाले, तर आकडेमोड पुन्हा करत बसण्याऐवजी एका रिकाम्या घरात ε ठेवावा. मात्र ते घर भरलेल्या घरांसोबत बंद वळसा तयार करणारे नसावे.

नफ्याच्या तक्त्याबाबत मात्र अनेकजण उगाच घाबरतात. आधी सर्वांत मोठ्या नफ्यातून सर्व आकडे वजा करायचे की आधी डमी जोडायची, यावर वाद घातले जातात. डमीच्या सर्व घरांत एकच आकडा असेल, तर तो शून्य असो वा मोठा, इष्टतम वाटप बदलत नाही, कारण त्या ओळीची बेरीज ठरलेली असते. फक्त सुरुवातीचे वाटप वेगळे येऊ शकते. आकडे वेगवेगळे असतील, तर मात्र डमी आधी जोडून, दंड ऋण नफा म्हणून लिहून, मग सर्व घरे एकाच मोठ्या आकड्यातून वजा करावीत. एकूण नफा दोन्ही वेळा मूळ नफ्याच्या आकड्यांवरूनच काढायचा.

रेषीय प्रोग्रामिंगच्या मांडणीत हाच साचेबद्धपणा बंधनांमध्ये दिसतो. जुन्या गणितांत बहुतेक बंधने ‘इतके साधन उपलब्ध’ अशी असल्यामुळे डावीकडे चल, मध्ये ≤ आणि उजवीकडे प्रश्नातला आकडा, असा हात बसतो. मग ‘दुसऱ्या उत्पादनाचे नग एकूण नगांच्या एक-तृतीयांशपेक्षा जास्त नसावेत’ हे वाक्य आले की उजवीकडे ठेवायला आकडाच सापडत नाही आणि घाईत x₁ ≥ 3x₂ लिहिले जाते. ‘एकूण’ या शब्दात x₂ स्वतःही आहे, हे इथे सुटते. वाक्य जसेच्या तसे लिहिले, तर

x₂ ≤ (x₁ + x₂)/3

आणि सोडवल्यावर −x₁ + 2x₂ ≤ 0 असे बंधन मिळते. उजवीकडे शून्य आले म्हणून बिचकू नये. बंधन बरोबर आहे का, हे पाहायला x₁ = 20 आणि x₂ = 10 घालावे: एकूण ३०, त्याचा एक-तृतीयांश १०, म्हणजे ही जोडी अटीत बसते. बरोबर बंधन तिला मान्य करते, तर x₁ ≥ 3x₂ तिला नाकारते. परीक्षेत या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही.

एककांची चूक मात्र अशा जोडीने पकडता येईलच असे नाही. नगामागे लागणारा वेळ १२ आणि १८ मिनिटे आणि यंत्राचा उपलब्ध वेळ ४० तास दिला असेल, तर 12x₁ + 18x₂ ≤ 40 लिहिल्यावर फार तर तीन नग होतील असे निघते. खरे बंधन 12x₁ + 18x₂ ≤ 2400 आहे. म्हणून प्रत्येक बंधनाशेजारी, समासात का होईना, मिनिटे, किलो किंवा नग असे एकक लिहावे आणि मगच आलेख किंवा सिम्प्लेक्स तक्त्याकडे वळावे.