क्रोमोसोमचं पॅकिंग पाठ नका करू, वहीत हिशोब मांडून समजून घ्या

लातूर-नांदेडला नीटची तयारी करणारी लेकरं ही आकृती धडाधड काढतात पण कुठल्या पायरीला लांबी किती कमी झाली विचारलं की गप्प बसतात. म्हणून आपण माणसाचा १ नंबरचा क्रोमोसोम घेऊ आणि प्रत्येक पायरीला त्याची लांबी काढू.

आधी उघडा डीएनए. ह्या क्रोमोसोममधे साधारण २५ कोटी बेस पेअर आहेत, दोन शेजारच्या पेअरमधे ०.३४ नॅनोमीटर अंतर, गुणाकार केला की ८.५ सेंटीमीटर येतं. पेशीचं केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं, आणि असे ४६ धागे त्यात बसवायचेत.

आता न्यूक्लिओसोम, इथं घाई करू नका. एच२ए, एच२बी, एच३, एच४ ही हिस्टोन प्रोटीन प्रत्येकी दोन घ्या, आठ मिळून एक गोळा झाला, त्याच्याभोवती डीएनएचे पावणेदोनच्या आसपास वेढे, म्हणजे १४७ बेस पेअर. हे चिकटतं कशानं, तर डीएनएच्या फॉस्फेटवर ऋण चार्ज असतो आणि हिस्टोनमधे लायसिन-आर्जिनिन भरपूर, त्यांचा चार्ज धन. दोन गोळ्यांमधला जोडधागा धरून एका न्यूक्लिओसोमचा वाटा साधारण २०० पेअर होतो. एच१ ह्या आठात मोजायचा नाही, तो बाहेरून वेढ्याचं तोंड धरून बसतो, पोरं इथंच हमखास चुकतात.

हिशोब करा, २५ कोटी भागिले २०० म्हणजे साडेबारा लाख न्यूक्लिओसोम. २०० पेअरची सरळ लांबी ६८ नॅनोमीटर, ती आता ११ नॅनोमीटरच्या मण्यात आली, म्हणजे सहापट कमी. साडेआठचे झाले जेमतेम दीड सेंटीमीटर, बस एवढंच.

मणी खरंच असतात हे कशावरून? क्रोमॅटिनवर मायक्रोकॉकल न्यूक्लिएज हे एन्झाइम थोडाच वेळ सोडायचं, ते जोडधागा कापतं, गोळ्यावरचा डीएनए सहसा वाचतो. मग जेलवर तुकडे २००, ४००, ६०० असे शिडीसारखे दिसतात. जास्त वेळ ठेवलं तर शिडी जाते आणि १४७ च्या आसपासचा एकच पट्टा उरतो.

पुढची पायरी पुस्तकात ३० नॅनोमीटरचा धागा म्हणून असते. पेपरात तेच लिहा, पण तो मुख्यतः परीक्षानळीत दिसलेला आहे, जिवंत पेशीत बहुतेक ठिकाणी तसा नीट धागा सापडत नाही, मणी वेडेवाकडे दाटीनं बसलेले दिसतात.

खरी मोठी घट पेशी विभाजनाच्या वेळी होते. कंडेन्सिन नावाचं प्रोटीन धाग्याचे लूप ओढून काढतं, लूपावर लूप दाटत जातात आणि मेटाफेजला आपला क्रोमोसोम साधारण १० मायक्रोमीटर उरतो. ८.५ सेंटीमीटर भागिले १० मायक्रोमीटर, साडेआठ हजारपट. फक्त भागताना एकाच क्रोमॅटिडचा डीएनए धरा, कारण मेटाफेजला डीएनएची कॉपी झालेली असते आणि दोन्ही क्रोमॅटिड शेजारी-शेजारी असतात, दोन्हींचा धरला तर उत्तर दुप्पट येतं.