दोन घरांत राहणाऱ्या मुलाला भेट काय द्यावी?

आईबाबा वेगळे झाल्यावर दुसऱ्या घरी गेलेल्या मुलाला पहिली रात्र जड जाते. झोप लागत नाही, उगाच रडू येतं. अशा वेळी महागड्या खेळण्यापेक्षा झोपेच्या वेळच्या वस्तू भेट द्या, आणि त्या दोन्ही घरांसाठी एकेक घ्या.

१. रात्रीचा दिवा, पांघरूण, टूथब्रश दोन्ही घरांत सारखेच ठेवा. रंग मुलालाच निवडू द्या.

२. लाडकं मऊ खेळणं मात्र एकच. ते मुलासोबत ये-जा करेल. त्याच्यासारखं दुसरं आणून भागत नाही, कारण त्याचा वास आणि झिजलेला कान मूल बरोबर ओळखतं. पिशवीत ते सगळ्यात वर ठेवा, म्हणजे पोचल्यावर आधी तेच हाताला लागेल.

३. झोपण्याचा क्रम दोन्हीकडे एकच: दात घासणं, गोष्ट, दिवा. वेळ थोडी पुढेमागे झाली तरी चालेल, क्रम मोडू नका. गोष्टीचं पुस्तकही पिशवीतून जाऊ द्या आणि खूण असेल तिथून पुढे वाचा.

भेट कुणीही दिली तरी ती मुलाची असते. "हे इथेच राहील, तिकडे न्यायचं नाही" असं म्हटलं की मूल वस्तू लपवायला लागतं, नाहीतर मागणंच सोडून देतं.