अंधारात चेहऱ्याने फोन उघडत नसेल तर

रात्रपाळीची लाइट आली म्हणून मोटर चालू करायला रानात गेलात, फोन तोंडासमोर धरला आणि तो उघडेना. बिघाड समजू नका. बहुतेक स्वस्त अँड्रॉइड फोन चेहरा साध्या सेल्फी कॅमेऱ्यानेच ओळखतात. उजेड नसला की त्याला नाकडोळेच नीट दिसत नाहीत. आयफोनची फेस आयडी मात्र डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके चेहऱ्यावर टाकते, म्हणून ती मिट्ट काळोखातही चालते.

त्याच जागी सेल्फी कॅमेरा उघडून बघा. चेहरा काळपट, दाणेदार दिसला तर उजेड कमी पडतोय. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा, फोन हातभर अंतरावर धरा. स्क्रीनच दिव्याचं काम करते. चष्म्याच्या काचेवर पांढरा चट्टा येऊन डोळे झाकले जात असतील, तर फोन किंचित खाली धरा. चट्टा सरकतो.

एरवी चष्मा लावत असाल तर सेटिंगमध्ये जुना चेहरा काढून, दिवसा सावलीत, चष्म्यासकट नव्याने नोंदवा. त्याआधी कॅमेऱ्यावरची धूळ आणि तेलकट बोटांचे डाग पुसा. रानातल्या फोनवर ते हमखास असतात.