आरबी-१ प्रभावी की अप्रभावी? ऑन्कोजीन आणि ट्यूमर सप्रेसर शिकताना या चुका टाळा

एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिका तपासताना एका प्रश्नावर मुलं हमखास अडखळतात. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातला कॅन्सर, काही घराण्यांत प्रभावी गुणासारखा उतरतो. मग त्यामागचं आरबी-१ हे जनुक पेशीच्या पातळीवर अप्रभावी कसं? बहुतेक जण यातलं एक विधान चुकीचं ठरवून मोकळे होतात. खरं तर दोन्ही बरोबर आहेत, आणि ते का, हे कळलं की या विषयातला अर्धा गोंधळ मिटतो.

आधी ऑन्कोजीनची बाजू पाहू. ‘आपल्या प्रत्येक पेशीत ऑन्कोजीन असतात’ असं लिहू नका. निरोगी पेशीत असतात ते प्रोटो-ऑन्कोजीन, आणि त्यांचं काम पेशीला वाढीचा निरोप पोचवण्याचं. रास हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. रास प्रथिनाने जीटीपी धरला की निरोप चालू, तो तोडून जीडीपी केला की बंद. १९८२ साली मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत या जनुकाचं एकच अक्षर बदललेलं सापडलं: बाराव्या जागी GGC चं GTC. त्यामुळे ग्लायसीन जाऊन व्हॅलीन आलं. ग्लायसीन सगळ्यांत लहान. त्याच्या जागी मोठं व्हॅलीन बसल्यावर जीटीपी तोडायला मदत करणाऱ्या प्रथिनाला अडचण होते आणि रास चालूच राहतं. दुसरी प्रत ठणठणीत असली तरी उपयोग नाही, कारण ती पहिलीला बंद करू शकत नाही.

यातूनच पुढची चूक होते: ‘रासमध्ये म्युटेशन झालं की कॅन्सर.’ तसं नाही. रास मध्येच तुटलं तर निरोपच जाणार नाही. त्याला सतत चालू ठेवणारे बदल मोजक्या जागांवर होतात, मुख्यतः १२, १३ आणि ६१. पेशीच्या वाढीला लगाम घालणारं सप्रेसर मात्र बिघडवायचं असेल तर कुठेही तोडलं तरी चालतं. म्हणून अनोळखी जनुक समोर आलं, तर अनेक रुग्णांमधले बदल त्यावर कसे पसरलेत ते आधी बघा. एकाच जागी गर्दी असेल तर ऑन्कोजीनचा संशय घ्या. सगळीकडे विखुरलेले, प्रथिन अर्धवट सोडणारे बदल असतील तर सप्रेसरचा. ही खूण पी-५३ ला मात्र सरळ लावू नका. ते सप्रेसर असूनही त्यात ठराविक जागी गर्दी दिसते, कारण त्याची चार प्रथिनं एकत्र येऊन काम करतात आणि त्यातलं एक बिघडलेलं इतरांनाही निकामी करू शकतं.

आता आरबी-१ हे सप्रेसर. याचं प्रथिन पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर अडवून धरतं. एक प्रत गेली तरी दुसरी ते काम निभावते, म्हणून पेशीत हा बिघाड अप्रभावी. पण वडिलांकडून बिघडलेली प्रत मिळालेल्या बाळात प्रत्येक पेशी एका पायावर उभी असते. समजा, उरलेली प्रत जाण्याची शक्यता दर पेशीमागे दहा लाखांत एक आहे. वाढत्या दृष्टिपटलात पेशी लाखोंनी असतात, म्हणजे कुठे ना कुठे ती जाणार हे जवळजवळ ठरलेलंच. म्हणून घराण्यात आजार प्रभावी दिसतो, बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत आणि लवकर येतो. वारसा नसलेल्या बाळात मात्र एकाच पेशीत दोन्ही प्रती जाव्या लागतात. अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली ४८ रुग्णांच्या नोंदींवरून हा दोन आघातांचा तर्क मांडला, तेव्हा आरबी-१ जनुक हाती लागलेलंही नव्हतं.

प्रयोगशाळेत हे असं दिसतं. आरबी-१ तेराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या शेजारची एक खूण बाळाच्या रक्तात तपासली की दोन पट्ट्या येतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. गाठीच्या डीएनएत बऱ्याचदा एकच उरते, आणि वर सांगितलेल्या बाळात ती वडिलांकडची असते. म्हणजे गेली ती आईकडून आलेली चांगली प्रत. इथे दोनदा फसायला होतं. गाठीत रक्तवाहिन्यांच्या आणि इतर साध्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे गेलेली पट्टी फिकट का होईना दिसते. तेवढ्यावरून ‘चांगली प्रत शाबूत आहे’ असं लिहू नका. आणि दोन्ही पट्ट्या ठळक असल्या, तरी दुसरा आघात झालाच नाही असं ठरत नाही. तो आरबी-१ मधल्याच एका छोट्या बदलाने झालेला असू शकतो, म्हणून जनुकाचा पूर्ण क्रम वाचावा लागतो.

रक्त आणि गाठ दोन्ही तपासण्याचं कारण भावंडांशी जोडलेलं आहे. रक्तातही बिघाड सापडला, तर भावंडांची आरबी-१ चाचणी आणि डोळ्यांची तपासणी लगेच व्हायला हवी. दोन्ही बिघाड फक्त गाठीत असतील, तर भावंडांचा धोका फारच कमी. तरी त्या बाळाच्या शरीरातल्या काही पेशींतच पहिला बिघाड असण्याची शक्यता राहते, आणि थोड्या पेशींतला बिघाड रक्ताच्या चाचणीतून निसटू शकतो. म्हणून त्या बाळाच्या दुसऱ्या डोळ्याची तपासणी थांबवायची नसते.