गाण्यात प्रेम, माया, प्रीत की स्नेह? क्रियापद लावून बघा

गाणं लिहिताना सगळीकडे ‘प्रेम’च येतं आणि मग आजीचं गाणं पण लव्हसाँगसारखं वाटायला लागतं. मी आता शब्दाआधी क्रियापद ठरवतो.

१. कोणी जीव ‘लावला’य, म्हणजे आजी, मावशी, सांभाळणारं माणूस, तर माया.
२. जीव ‘जडला’य तर प्रीत, ही प्रियकर-प्रेयसीचीच, बहिणीसाठी वापरली की कान टवकारतात.
३. ओळख वाढत वाढत ‘जुळलं’ तर स्नेह. हा जरा सभ्य शब्द आहे, मित्राला चालतो पण जिगरी यारासाठी थंड पडतो.

प्रेम कुठेही चालतं, म्हणूनच ते शेवटी.

शब्द बदलला की लिंग बदलतं हे विसरू नका. ‘आजीचं प्रेम पदरात बांधलं’चं ‘आजीची माया पदरात बांधली’ होतं, म्हणजे पुढच्या ओळीतलं ‘सांधलं’ यमकातून गेलं, आणि प्रेमच्या तीन मात्रा तर मायाच्या चार, तेव्हा चालीवर म्हणून बघा.

आणि हो, ‘माया जमवली’ असं चुकूनही लिहू नका, त्याचा अर्थ पैसा होतो!