पणजीतल्या इमारतीत कपॅसिटर का फुगत होते

आमच्या इमारतीत लिफ्ट, पंप आणि सेंट्रल एसी. पंप-एसीला मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी बसवल्यापासून पॅनलमधले पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर एकामागून एक फुगू लागले. डब्याचं झाकण वर आलेलं आणि हात लावला तर चटका. आधी मी गोव्याच्या दमट हवेला दोष दिला. पण क्लॅम्प मीटरवर कपॅसिटरचा करंट नेमप्लेटपेक्षा बराच जास्त निघाला, तेव्हा हार्मोनिक्सचा, म्हणजे व्हीएफडीमुळे येणाऱ्या 50 हर्ट्झच्या पटीतल्या करंटचा, संशय पक्का झाला.

लोड 200 किलोवॅट, पॉवर फॅक्टर 0.80, न्यायचा होता 0.98 वर. हिशोब असा, कंसात दोन्ही पॉवर फॅक्टरचे tan φ:

```
200 × (0.75 − 0.203) ≈ 110 kVAr
```

कपॅसिटरच्या प्रत्येक गटाला, म्हणजे स्टेपला, सिरीजमध्ये 7 टक्क्यांचा रिअॅक्टर घेतला. त्यामुळे रेझोनन्स 189 हर्ट्झवर, म्हणजे व्हीएफडीच्या पाचव्या हार्मोनिकच्या (250 हर्ट्झ) खाली येतो.

इथेच बहुतेक जण चुकतात. रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवरचा व्होल्टेज वाढतो: 415 ÷ 0.93 ≈ 446. म्हणून जुने 440 व्होल्टचे कपॅसिटर तसेच ठेवून चालत नाही. मी 525 व्होल्टचे घेतले. पण 415 वर, रिअॅक्टरसकट, ते नेमप्लेटच्या सुमारे 67 टक्केच देतात. त्यामुळे 110 मिळवायला नेमप्लेटवर 164 kVAr लागले. रिअॅक्टर तापतात, म्हणून पॅनलला पंखाही लावला.

आता करंट हिशोबाला धरून आहे.