खाडीच्या पाण्याचा फील्ड रिपोर्ट: या चुका टाळा

पर्यावरणशास्त्राच्या रिपोर्टांचा गठ्ठा हातात आला की मी ‘नमुना घेण्याची पद्धत’ हे प्रकरण आधी वाचतो. पुढे निष्कर्षांत काय घोळ असणार ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. ‘नमुना स्वच्छ बाटलीत घ्यावा. बाटली तीन वेळा विसळावी.’ अरे, घ्यावा म्हणजे काय? तू घेतलास की नाही? प्रॅक्टिकलच्या पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उचललेलं असतं. त्यातून पुस्तकात काय सांगितलंय ते कळतं, खाडीवर काय झालं ते नाही. पद्धत भूतकाळात लिहा आणि जे केलं तेवढंच लिहा.

आता सर्वांत मोठी चूक. कोकणात राहून, भरती-ओहोटी बघत लहानाची मोठी झालेली मुलं रिपोर्टमध्ये भरतीचा एक शब्द लिहीत नाहीत. ‘नमुने सकाळी 9 वाजता घेतले’ एवढंच असतं. खाडीच्या पाण्याला घड्याळ कळत नाही हो.

रत्नागिरीच्या दक्षिणेकडच्या एका खाडीवर एका गटाने जानेवारीत काम केलं. मुखापासून बरंच आत, जिथे नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकमेकांत मिसळतं, तिथे त्यांचं दुसरं ठिकाण होतं. पहिल्या फेरीत तिथली विद्युतवाहकता 2,400 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर आली. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच दगडावर उभं राहून मोजली, तर 19,000. विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, 7.1 वरून 6.6 मिलिग्रॅम प्रति लिटरवर आला होता. निष्कर्ष तयारच होता: ‘आठवडाभरात सांडपाणी मिसळल्यामुळे क्षार वाढले व ऑक्सिजन घटला.’ खाली वरच्या वाडीतल्या लोकांसाठी चार उपदेशही लिहिले होते. मी विचारलं, तेव्हा भरती होती की ओहोटी? गटप्रमुख म्हणाली, “सर, दोन्ही वेळा सकाळी बरोबर 9 वाजून 10 मिनिटांनीच नमुना घेतला. वेळ मुद्दाम सारखी ठेवली.”

वेळ सारखी ठेवली, तिथेच फसले. पहिली फेरी चतुर्थीची होती, दुसरी एकादशीची. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते आणि ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरचा कुठलाही जुना माणूस तिथीला तीनने गुणून चारने भागतो आणि भरतीची वेळ सांगतो. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सव्वानऊला पूर्ण ओहोटी. एकादशीला अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. मुखाशी सव्वाआठला पूर्ण भरती, आणि खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते. म्हणजे ही मुलं एकदा ओहोटीच्या तळाला उभी होती आणि एकदा भरतीच्या माथ्यावर.

मग आकडे पुन्हा वाचा. समुद्राच्या पाण्याची वाहकता पन्नास हजारांच्या आसपास असते. 19,000 म्हणजे त्या बाटलीत साधारण एक तृतीयांश समुद्र होता. एवढा फरक पाडायला वाडीचं सांडपाणी कुठून पुरणार? ऑक्सिजनचंही तेच. पाणी दोन्ही दिवशी 28 अंशांवर होतं. त्या तापमानाला गोड्या पाण्यात जास्तीत जास्त 7.8 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.4 च्या आसपास. त्यांच्या दुसऱ्या नमुन्याच्या खारटपणाला ही मर्यादा 7.3 ते 7.4 येते. म्हणजे पहिल्या दिवशी 7.8 पैकी 7.1 आणि दुसऱ्या दिवशी 7.35 पैकी 6.6. दोन्ही नव्वद टक्क्यांच्या आसपास. पाण्यात ऑक्सिजन घटलेला नव्हता, मावण्याची जागाच कमी झाली होती.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नोंदीत वेळेच्या बाजूला तिथी, भरतीची अवस्था आणि पाणी चढतंय की उतरतंय हे लागतंच. शक्य असेल तर सगळी ठिकाणं भरतीच्या एकाच अवस्थेत घ्या. ते जमलं नाही तर काही बिघडत नाही, फक्त तसं लिहा. आणि डीओ लिहाल तिथे त्याच बाटलीचं तापमान व खारटपणा शेजारी द्या, म्हणजे वाचणाऱ्याला टक्केवारी स्वतः काढता येते. तिथीचं गणित हा अंदाज आहे, बंदरागणिक त्यात फरक पडतो. छापील कोष्टक मिळत असेल तर ते वापरा आणि कुठल्या बंदराचं वापरलं ते लिहा. मोबाईलवर मुंबईची वेळ बघून राजापूरच्या खाडीत उतरणारे महाभागही मी पाहिलेत. उधाण होतं की भांग, हेही एका शब्दात टाका. पौर्णिमेच्या उधाणाला खारं पाणी जिथवर चढतं तिथवर अष्टमीच्या भांगाला चढेलच असं नाही.

त्या गटाची पद्धत नंतर अशी लिहून झाली: ‘ठिकाण 2 येथे पौष शुद्ध चतुर्थीस सकाळी 9.10 वाजता, ओहोटीच्या अखेरीस, पाणी जवळजवळ स्थिर असताना, काठापासून दोन मीटर आत, पृष्ठभागाखाली 30 सेंटीमीटरवर नमुना घेतला. पाण्याचे तापमान 28 अंश. मागील दोन दिवस पाऊस नाही.’ चार ओळीसुद्धा होत नाहीत. कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून आठवून हे लिहिता येत नाही, तिथेच पेन्सिलीने लिहावं लागतं. पेनाची शाई खाडीवर टिकत नाही.

दुसरी माझी लाडकी चूक: ‘डीओ विंकलर पद्धतीने मोजला.’ कुठे मोजला? कधी मोजला? बहुतेक वेळा खरी गोष्ट अशी असते की पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत तीन चतुर्थांश पाणी भरलं, ती सॅकमध्ये टाकली, एसटीने दीड तास हलतडुलत कॉलेजात आणली आणि जेवून झाल्यावर विंकलर सुरू केलं. तोपर्यंत बाटलीतल्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळलेला असतो आणि पाण्यातले जंतू आपल्या वाट्याचा खात बसलेले असतात. मोजता ते एसटीतलं पाणी, खाडीतलं नाही.

हे लपत नाही. सगळ्या ठिकाणांचा डीओ 7.2, 7.3, 7.2 असा एका माळेत आला की मी पद्धतीकडे परत जातो. मुखाशी समुद्र, मध्ये खारफुटीचा चिखल, वर गोडी नदी, आणि ऑक्सिजन सगळीकडे सारखा? अर्धवट भरलेली बाटली हलवली की प्रत्येक नमुना हवेशी जुळवून घेतो, त्यामुळे आकडे जवळ येतात.

खरं काम काठावरच होतं. 300 मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली पाण्याखाली तिरकी धरून, बुडबुडा राहू न देता भरायची. तिथेच मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी 2 मिलिलिटर पिपेटचं टोक पाण्यात बुडवून घालायचं, बूच लावायचं, उलटीपालटी करायची. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर नाही. हा रंग वहीत लिहा, नंतर टायट्रेशन फसलं तर तोच साक्षीदार असतो. एवढं झालं की ऑक्सिजन बांधला गेला. आम्ल घालणं आणि टायट्रेशन काही तासांनी, अंधारात ठेवलेल्या बाटलीवर करता येतं. रिपोर्टात ‘नमुना काठावर स्थिर केला, टायट्रेशन अमुक तासांनी प्रयोगशाळेत केलं’ ही दोन वाक्यं हवीत.

आणि किती पाणी टायट्रेट केलं तेही लिहा. 4 मिलिलिटर रसायन घातलं म्हणजे तेवढं पाणी बाहेर गेलं. म्हणून 200 मिलिलिटर मूळ नमुन्यासाठी 300 × 200 ÷ 296, म्हणजे 203 मिलिलिटर घ्यायचं. 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेट वापरलं की लागलेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन. ‘सूत्र वापरून काढला’ असं लिहून सुटका करून घेणाऱ्यांना मी ब्युरेटचं पान मागतो. सीनियरची फाइल उतरवणाऱ्यांकडे ते कधीच नसतं.

ज्यांना काठावर स्थिर करायला जमलं नाही त्यांनी सरळ तसं लिहावं आणि डीओचा आकडा निष्कर्षात वापरू नये. माझ्याकडे याचे गुण कापले जात नाहीत. लपवल्याचे कापले जातात.

बाकीच्या चुका झटपट सांगतो.

‘सर्व बाटल्या नमुन्याच्या पाण्याने तीन वेळा विसळल्या.’ सर्व? कोलिफॉर्मची निर्जंतुक बाटलीसुद्धा? ती विसळायची नसते, उघडून थेट भरायची आणि वर थोडी जागा सोडायची.

ब्युरेटवर 0.1 मिलिलिटरच्या रेघा आणि तक्त्यात डीओ 6.6667. कॅल्क्युलेटरने दिलं म्हणून ते मोजलेलं होत नाही. 6.7 लिहा.

नायट्रेटच्या किटवर रंग आला नाही म्हणून ‘0’ लिहू नका. किटची सर्वांत खालची पायरी बघा आणि ‘त्याहून कमी’ असं लिहा.

खाडीच्या पाण्याला पिण्याच्या पाण्याचं आयएस 10500 लावून ‘क्षार मर्यादेपेक्षा अधिक, पाणी प्रदूषित’ असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. त्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा 500 मिलिग्रॅम आहे. खाडी ती कशी पाळणार? किनाऱ्याच्या आणि खाडीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे एसडब्ल्यू-1 ते एसडब्ल्यू-5 असे वर्ग आहेत. पोहण्याच्या पाण्याचा वर्ग दुसरा, त्यात डीओ किमान 4 मिलिग्रॅम लागतो. कुठला वर्ग लावला आणि का, हे पद्धतीतच सांगा. आयएस 10500 गावातल्या विहिरीसाठी ठेवा.

निकालाच्या प्रकरणात तक्ता दिल्यावर तोच तक्ता वाक्यांत परत वाचून दाखवू नका. ‘ठिकाण 1 चा पीएच 8.0, ठिकाण 2 चा 7.6, ठिकाण 3 चा 7.1’ हे मला दिसतंय. मुखाकडून आत जाताना पीएच उतरत गेला एवढं एक वाक्य पुरे. तो का उतरला ते चर्चेत लिहा, आणि तिथे सांडपाण्याचं नाव घेण्याआधी वाहकतेचा स्तंभ एकदा बघा.